वेगाचा आलेख वाचण्याची रीत

पदार्थविज्ञानाच्या स्वाध्यायपत्रिकेंत एक प्रश्न हटकून येतो. चौकटींच्या कागदावर दोन अक्ष काढलेले असतात. आडव्या अक्षावर काल आणि उभ्या अक्षावर वेग. त्यांच्या मधून एक रेघ जाते. ती प्रथम चढते, मग कांहीं काळ सपाट राहते, नंतर उतरते, आणि पत्रिका काढणारे गुरुजी जरा चोखंदळ असतील तर ती आडव्या अक्षाच्याहि खालीं जाऊन पुन्हां वर येते. खालीं प्रश्न तीनच असतात: विस्थापन किती, त्वरण किती, आणि गतीचा प्रकार कोणता. सूत्रें मुखोद्गत असलेला विद्यार्थी येथें पुष्कळदां अडखळतो. कारण कोणतें सूत्र कोठें लावावें हें रेघच सांगत असते, आणि रेघ वाचण्याची संवय त्याला नसते. घरांत या इयत्तेंतील मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिच्या शेजारीं बसून हा आलेख वाचतां यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आरंभीं हें ध्यानांत घ्यावें कीं, आलेखांतील रेघ म्हणजे रस्त्याचें चित्र नव्हे. चढती रेघ पाहून गाडी टेंकाडावर चढली आणि उतरती रेघ पाहून ती उतारावरून खालीं आली, असें उत्तर लिहिणारीं मुलें थोडीं नसतात. रेघेचा आकार डोंगरासारखा दिसतो, आणि डोळा जें दिसेल त्यालाच वस्तु मानून बसतो. परंतु या कागदावर रस्ता कोठेंच काढलेला नाहीं. रस्ता सरळ व सपाट असूं शकेल; रेघ मात्र वेगाची आहे. स्कूटरवर किंवा मोटारींत वेग दाखविणारा कांटा असतो. कोणी जवळ बसून दर सेकंदाला तो कांटा किती दाखवितो हें टिपून ठेविलें, आणि ते बिंदु जोडले, तर जी रेघ तयार होईल ती ही. ती त्या कांट्याची रोजनिशी आहे असें म्हटलें तरी चालेल. फरक इतकाच कीं, कांट्याला दिशा कळत नाहीं, आलेखाला कळते. एक दिशा धन मानली कीं उलट दिशेचा वेग ऋण होतो, आणि तो आडव्या अक्षाच्या खालीं काढतात.

दुसरा घोटाळा याच इयत्तेंत शिकविलेल्या दुसऱ्या एका आलेखामुळें होतो. त्यांत उभ्या अक्षावर अंतर असतें. त्या अंतर-कालाच्या आलेखांत रेघ आडवी झाली म्हणजे वस्तु थांबली. तीच संवय येथें आणली, तर वेगाची रेघ आडवी दिसतांच मूल ‘गाडी स्थिर आहे’ असें लिहून मोकळें होतें. वास्तविक गाडी त्या वेळीं भरधाव जात असते, फक्त तिचा वेग बदलत नसतो. म्हणून आलेख हातीं येतांच रेघेकडे पाहण्यापूर्वीं उभ्या अक्षावर काय लिहिलें आहे व किती मापाला एक चौकट घेतली आहे, हें वाचावें. अशा वेळीं काकांनीं किंवा आत्यानें मुलाला उत्तर सांगूं नये. “या ठिकाणीं बोट ठेव, आणि या क्षणीं कांटा किती दाखवीत असेल तें सांग,” इतकेंच विचारावें. त्या एका प्रश्नानें डोंगर नाहींसा होतो आणि वेग दिसूं लागतो.

आतां एक आलेख प्रत्यक्षच सोडवूं. वाचकांनीं चौकटींचा कागद घेऊन तो काढला तर पुढचें सर्व डोळ्यांसमोर राहील. सरळ रुळांवरून पुढें आणि मागें दोन्हीकडे धांवूं शकणारी विजेची एक गाडी आहे. पूर्व दिशा धन मानूं. आडव्या अक्षावर एक चौकट म्हणजे २ सेकंद, आणि उभ्या अक्षावर एक चौकट म्हणजे सेकंदास ३ मीटर, असें माप घेऊं. रेघ शून्यापासून निघते आणि ४ सेकंदांत सेकंदास १२ मीटर या वेगापर्यंत सरळ चढते. पुढें १० व्या सेकंदापर्यंत ती त्याच उंचीवर आडवी राहते. मग सरळ उतरूं लागते; १४ व्या सेकंदास ती अक्षाला छेदते, आणि न मोडतां तशीच खालीं जाऊन १६ व्या सेकंदास उणें ६ पर्यंत पोहोंचते. २० व्या सेकंदापर्यंत ती तेथें आडवी असते. शेवटीं ती वर वळते आणि २२ व्या सेकंदास अक्षावर येऊन टेकते. गाडीची ही सगळी बावीस सेकंदांची हकीकत आहे.

त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगांत होणारा बदल. आलेखावर तो रेघेच्या चढानें दिसतो. चढ काढण्याची रीत सोपी आहे: रेघेच्या तुकड्याच्या शेवटचा वेग घ्यावा, त्यांतून आरंभींचा वेग वजा करावा, आणि त्या वजाबाकीला लागलेल्या सेकंदांनीं भागावें. पहिल्या तुकड्यांत वेग ० वरून १२ वर गेला, सेकंद लागले ४. म्हणून त्वरण ३. याचें एकक ‘मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद’ असें दोनदां सेकंद घेऊन कां लिहितात, हेंहि येथेंच उमगतें. पहिला सेकंद वेगाचा आहे. दुसरा, तो वेग किती वेळांत वाढला त्याचा आहे. गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदास ३ मीटरांनीं वाढत होता, इतकाच त्या लांबलचक एककाचा अर्थ.

येथें चौकटी मोजून चढ काढण्याचा मोह होतो. पहिल्या तुकड्यांत रेघ ४ चौकटी वर गेली आणि २ चौकटी पुढें गेली, तेव्हां चढ २, असें कोणी म्हणेल तर तें चूक आहे. कारण उभी चौकट व आडवी चौकट यांचीं मापें निरनिराळीं आहेत. त्याच कारणानें रेघ किती उभी दिसते यावरूनहि त्वरण ठरवूं नये. आडव्या अक्षाचें माप बदलून तोच आलेख पसरट काढला, तर तीच रेघ निवांत निजल्यासारखी दिसेल, पण गाडीचें त्वरण तेंच राहील. चढ नेहमीं अक्षांवरील आंकड्यांवरून काढावा.

दुसऱ्या तुकड्यांत वेग बदलत नाहीं, म्हणून त्वरण शून्य. तिसऱ्या तुकड्यांत १० व्या सेकंदापासून १६ व्या सेकंदापर्यंत वेग १२ वरून उणें ६ वर आला. उणें ६ मधून १२ वजा केले तर उणें १८ येतात; ६ सेकंदांनीं भागल्यास उणें ३. रेघ अक्षाला छेदून खालीं गेली तरी ती एकच सरळ रेघ आहे, म्हणून छेदाच्या अलीकडे आणि पलीकडे त्वरण एकच. चवथ्या तुकड्यांत पुन्हां शून्य. पांचव्यांत वेग उणें ६ वरून शून्यावर आला. शून्यांतून उणें ६ वजा केले म्हणजे अधिक ६ उरतात, ते २ सेकंदांनीं भागले कीं अधिक ३. या शेवटच्या वजाबाकींत चिन्हाची चूक पुष्कळ होते. चूक झाली कीं नाहीं हें डोळ्यांनींच पडताळावें: डावीकडून उजवीकडे जातांना रेघ वर जात असेल तर त्वरण धन, खालीं जात असेल तर ऋण. मग ती अक्षाच्या वर असो वा खालीं.

विस्थापन काढण्याची रीत प्रथम ऐकणाऱ्यास थोडी विचित्र वाटते, कारण त्यासाठीं रेघेखालची जागा मोजावी लागते. परंतु दुसरा तुकडा घेतला तर विचित्र कांहींच उरत नाहीं. सेकंदास १२ मीटर वेगानें गाडी ६ सेकंद चालली, तर ती १२ गुणिलें ६, म्हणजे ७२ मीटर गेली, हें प्राथमिक शाळेंतील गणित झालें. आलेखावर १२ ही त्या आयताची उंची आहे आणि ६ ही रुंदी. त्यांचा गुणाकार म्हणजे त्या आयताचें क्षेत्रफळ. वेग बदलत असेल तेव्हां काय करावें? काळाचे अगदीं बारीक तुकडे पाडावे. एका लहानशा क्षणांत वेग जवळजवळ सारखाच असतो, म्हणून तेवढ्यापुरता एक अरुंद उभा आयत तयार होतो, आणि त्याचें क्षेत्रफळ म्हणजे त्या क्षणांत कापलेलें अंतर. असे सर्व आयत एकास एक लावले कीं रेघेखालची संपूर्ण जागा भरते. म्हणून रेघ तिरपी असो वा वांकडी, तिच्या व अक्षाच्या मधली जागा विस्थापनच दाखविते.

या क्षेत्रफळाचें उत्तर चौरस मीटरांत लिहूं नये. उंचीचें एकक मीटर प्रति सेकंद, रुंदीचें सेकंद. गुणाकारांत सेकंद सेकंदाला छेदून जातो आणि मीटर उरतो. तसेंच एक चौकट म्हणजे एक मीटर असें धरूं नये. आमच्या कागदावर एक चौकट ३ गुणिलें २, म्हणजे ६ मीटरांची आहे.

आतां जागा मोजूं. पहिला तुकडा त्रिकोण आहे: ४ गुणिलें १२, त्याचें निम्में, २४ मीटर. दुसरा आयत: ७२ मीटर. तिसऱ्या तुकड्याचे मात्र दोन भाग करावे लागतात, कारण तो अक्षाला छेदतो. १० पासून १४ सेकंदांपर्यंतचा त्रिकोण अक्षाच्या वर आहे: २४ मीटर. १४ पासून १६ पर्यंतचा खालीं आहे: २ गुणिलें ६, त्याचें निम्में ६, पण गाडी उलट दिशेला जात असल्यामुळें उणें ६ मीटर. पुढील आयत ४ गुणिलें ६, म्हणजे उणें २४. शेवटचा त्रिकोण उणें ६. अक्षाच्या वरची बेरीज १२० मीटर, खालची ३६ मीटर. विस्थापन १२० उणें ३६, म्हणजे ८४ मीटर पूर्वेकडे. प्रश्नांत ‘कापलेलें एकूण अंतर’ विचारलें असेल तर चिन्ह सोडून बेरीज करावी: १५६ मीटर. ताळा पाहावयाचा असल्यास चौकटी मोजाव्या. वर २० भरतील, खालीं ६. फरक १४, आणि १४ गुणिलें ६ म्हणजे ८४.

विस्थापन आणि अंतर यांतील हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. घरून निघून देवळापर्यंत १२० मीटर गेलेला मनुष्य ३६ मीटर परत फिरून वाटेंतल्या दुकानाशीं थांबला, तर त्याचे पाय १५६ मीटर चालले. पण घरापासून तो ८४ मीटरांवरच उभा आहे. आलेख दोन्ही गोष्टी सांगतो, फक्त कोणती विचारली आहे तें पाहावें लागतें. एक गोष्ट मात्र हा आलेख मुळींच सांगत नाहीं: गाडी निघाली तेव्हां कोठें होती. ती स्थानकावरून निघाली असेल किंवा स्थानकाच्या ५०० मीटर पुढून. रेघ दोन्ही वेळीं तीच. म्हणून ‘गाडी शेवटीं कोठें आहे’ असा प्रश्न आला, तर आरंभाचें स्थान पत्रिकेंत दिलेलें असलेंच पाहिजे.

तिसरा प्रश्न गतीच्या प्रकाराचा. रेघ अक्षावरच पडून असेल तर वस्तु स्थिर आहे. अक्षापासून वर किंवा खालीं पण आडवी असेल तर एकसमान वेगाची गति. तिरपी परंतु सरळ असेल तर एकसमान त्वरणाची गति. वांकडी असेल तर त्वरणहि क्षणोक्षणीं बदलत आहे. अशा वेळीं ज्या क्षणाचें त्वरण हवें त्या बिंदूपाशीं रेघेला स्पर्शिका काढून तिचा चढ घ्यावा लागतो, आणि विस्थापनासाठीं चौकटी मोजाव्या लागतात. इतकें पुस्तकांत असतें व मुलें तें पाठ करतात. घोटाळा होतो तो ‘वेग वाढत आहे कीं कमी होत आहे’ या उपप्रश्नांत.

बहुतेक मुलांच्या मनांत असें ठसलेलें असतें कीं, ऋण त्वरण म्हणजे गाडी मंद होणें. आपल्या आलेखांतील तिसरा तुकडा पाहा. त्वरण आरंभापासून शेवटपर्यंत उणें ३ आहे. १० पासून १४ सेकंदांपर्यंत गाडी पूर्वेकडे जात आहे आणि खरोखरच मंद होत आहे. पण १४ पासून १६ पर्यंत ती पश्चिमेकडे जाऊं लागली आहे, आणि तिची चाल शून्यावरून सेकंदास ६ मीटरांपर्यंत वाढली आहे. त्वरण ऋणच, परंतु गाडी जलद होत आहे. शेवटच्या तुकड्यांत याच्या उलट: त्वरण धन, आणि गाडी थांबण्याच्या बेतांत. तेव्हां चिन्ह एकट्यानें निर्णय देत नाहीं. वेग आणि त्वरण यांचीं चिन्हें सारखीं असतील तर चाल वाढते. भिन्न असतील तर घटते. हाच नियम डोळ्यांसाठीं सांगावयाचा तर असा: रेघ आडव्या अक्षापासून दूर जात असेल तर चाल वाढते, अक्षाकडे येत असेल तर घटते. ही एक खूण लक्षांत राहिली कीं चिन्हांची झटापट करावीच लागत नाहीं.

१४ व्या सेकंदाच्या बिंदूवर क्षणभर थांबणें योग्य होईल. त्या क्षणीं वेग शून्य आहे. मग गाडी स्थिर आहे काय, आणि तिचें त्वरणहि शून्य आहे काय? परीक्षक हा प्रश्न मुद्दाम विचारतात. त्वरण शून्य असतें, तर पुढच्या क्षणींहि वेग शून्यच राहिला असता, आणि रेघ अक्षावर पडून आडवी गेली असती. ती तर तिरपीच खालीं जात आहे. म्हणून वेग शून्य, त्वरण उणें ३, आणि त्या क्षणीं गाडी दिशा बदलत आहे. वर फेंकलेल्या चेंडूची सर्वोच्च बिंदूपाशीं हीच अवस्था असते. तेथें त्याचा वेग शून्य असतो, पण पृथ्वीचें आकर्षण कांहीं तेवढ्यापुरतें सुटी घेत नाहीं. रेघेची उंची आणि रेघेचा चढ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक शून्य झाली म्हणून दुसरी शून्य होत नाहीं, हें या बिंदूनें पक्कें ठसतें.

पत्रिकेंतील आलेख अर्थातच सोपा करून दिलेला असतो. त्याला ठिकठिकाणीं टोंकदार कोपरे असतात, म्हणजे त्वरण एका निमिषांत ३ वरून शून्यावर येतें. खऱ्या आगगाडींत असें झालें तर उभ्या प्रवाशांना हिसका बसेल. म्हणून खऱ्या गाडीचा आलेख कोपऱ्यांशीं गोलसर असतो. मात्र रेघ अगदीं उभी काढलेली कोठें आढळली, तर ती चुकीची समजावी. उभी रेघ म्हणजे एकाच क्षणीं गाडीला अनेक वेग, आणि तें संभवत नाहीं.

रेघेखालच्या जागेंत अंतर पाहण्याची ही युक्ति बरीच जुनी आहे. चौदाव्या शतकांत ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजांतील पंडितांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, सारख्या प्रमाणांत वेग वाढत जाणारी वस्तु जेवढें अंतर कापते, तेवढेंच अंतर तितक्याच वेळांत मधल्या वेगानें चालणारी वस्तु कापते. फ्रान्समधील निकोल ओरेम या विद्वानानें, जो पुढें १३७७ मध्यें लिझ्यूचा बिशप झाला, हीच गोष्ट आकृति काढून दाखविली. त्यानें आडव्या रेषेवर काल घेतला, प्रत्येक क्षणाच्या वेगाएवढी उभी रेषा त्यावर उभारली, आणि वाढत्या वेगाचा त्रिकोण व मधल्या वेगाचा आयत यांचें क्षेत्रफळ सारखें भरतें हें दाखवून दिलें. आपण पहिल्या तुकड्यांत ४ गुणिलें १२ याचें निम्में केलें, त्यांतील ‘निम्में’ तें हेंच.

गॅलिलिओनें १६३८ मध्यें लायडन येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत पडणाऱ्या वस्तूंसाठीं हाच त्रिकोण वापरला. त्या त्रिकोणाचे सारख्या वेळाचे उभे पट्टे पाडले, तर पहिल्या पट्ट्यांत एक लहान त्रिकोण मावतो, दुसऱ्यांत तसे तीन, तिसऱ्यांत पांच, चवथ्यांत सात. म्हणून उंचावरून सोडलेला दगड, हवेचा विरोध न धरल्यास, पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यांत १४.७ आणि तिसऱ्यांत २४.५. चौकटींच्या कागदावर हें मूल स्वतः मोजून पाहूं शकतें. त्यासाठीं सूत्राची गरज नाहीं.

हाच त्रिकोण आपल्या घरांतील माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याशींहि निगडित आहे. घरांतील तरुण मुलगा स्कूटरवरून सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जात आहे, आणि गल्लींतून एकाएकीं एखादें मूल समोर येतें. तें दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं. त्या सेकंदांत वेग तसाच राहतो. आलेखांत १० उंचीची आडवी रेघ, तिच्याखालीं १० मीटरांचा आयत. मग ब्रेक लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर वेग दर सेकंदाला ५ नें उतरतो असें घेतलें, तर रेघ २ सेकंदांत अक्षावर येते आणि १० मीटरांचा त्रिकोण होतो. एकूण २० मीटरांत गाडी थांबली.

आतां तोच मुलगा मोकळा रस्ता पाहून दुप्पट वेगानें, ताशीं ७२ किलोमीटरांनीं, जात आहे असें समजा. आयताची उंची दुप्पट झाली: २० मीटर. त्रिकोणाची उंची तर दुप्पट झालीच, पण उतरणीचा चढ तोच असल्यामुळें त्याचा पायाहि दुप्पट झाला, ४ सेकंद. म्हणून त्रिकोण चौपट: ४० मीटर. एकूण ६० मीटर. वेग दुप्पट केल्यावर थांबण्यास लागणारें अंतरहि दुप्पट होईल, असें जें मनाला सहज वाटतें, तें कां खोटें ठरतें हें या दोन त्रिकोणांवरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. रस्ता पावसानें ओला असेल तर रेघेचा उतार आणखी मंद होतो. वेगाची घट दर सेकंदाला ५ ऐवजीं अडीच इतकीच झाली, तर हळू चालणाऱ्याचा १० मीटरांचा त्रिकोण २० मीटरांचा होतो आणि जलद चालणाऱ्याचा ४० चा ८०.

हे दोन्ही आलेख एकावर एक काढून मुलास एकच प्रश्न विचारावा: “जेथें हळू चालणारा पूर्ण थांबला, त्या ठिकाणीं जलद चालणाऱ्याचा वेग किती होता?” हळू चालणारा कोरड्या रस्त्यावर २० मीटरांवर थांबला. जलद चालणाऱ्याच्या आलेखांत पहिल्या सेकंदाचा आयतच २० मीटरांचा आहे. म्हणजे एक जण जेथें निश्चल उभा राहिला, नेमक्या त्याच ठिकाणीं दुसऱ्याचा हात ब्रेकवर नुकताच पडत होता, आणि त्याचा वेग ताशीं ७२ किलोमीटरांहून तिळभरहि उतरला नव्हता.